उशीर की गळती? रेकॉर्डिंगमधल्या ‘टिक’वरून एक वाद

तबल्याच्या रेकॉर्डिंगमध्ये एखादी बारीक टिक आली तर बोलांच्या गर्दीत ती कधीकधी खपून जाते. तानपुऱ्यात ती खपत नाही. चार तारांचा सलग नाद चालू असताना मध्येच एक ‘टिक’ झाली की ऐकणाऱ्याचं लक्ष षड्जावरून उडतं आणि पुढच्या टिकेची वाट पाहू लागतं. मिरजेच्या तानपुऱ्याचे अर्ध्या अर्ध्या तासाचे ट्रॅक रियाजासाठी रेकॉर्ड करताना हाच त्रास झाला, आणि त्यावरून दोन जाणकारांमध्ये जो वाद रंगला तो इथे देतो आहे. दत्ताकाका टेपच्या काळापासून ध्वनिमुद्रण करत आले आहेत. मुग्धा संगणक अभियंता आहे आणि घरगुती स्टुडिओ उभारून देते. वाद्यापुढे दोन कंडेन्सर माइक होते. ते यूएसबी ऑडिओ इंटरफेसला जोडले होते, इंटरफेस एका हबला, आणि हब विंडोज लॅपटॉपला. त्याच हबला बाहेरची हार्ड डिस्कही होती आणि रेकॉर्डिंग थेट तिच्यावर साठत होतं. सॅम्पल रेट 48 किलोहर्ट्झ, बफर 128 सॅम्पलचा.

दत्ताकाका : यात वाद घालण्यासारखं काय आहे? बफर 128 वर होता, मी तो 1024 केला. तडतड जवळजवळ थांबली. अर्ध्या तासात दोन-तीन टिका राहिल्या, त्या सॉफ्टवेअरनं पुसता येतात. वादक समोर बसलेला असताना मी संगणकाची शस्त्रक्रिया करत बसणार नाही.

मुग्धा : काका, वादक समोर असताना करूच नका. पण त्या दोन-तीन टिका का राहिल्या, हा माझा प्रश्न आहे. बफर आठपट केलात. आजार एकच असता तर त्याही गेल्या असत्या.

दत्ताकाका : बफर वाढवला की संगणकाला जास्त वेळ मिळतो. थोडा आणखी वाढवला की उरलेल्याही जातील.

मुग्धा : नाही जाणार. बफर म्हणजे नेमका किती वेळ, ते आधी बघू. 48 किलोहर्ट्झला एका सेकंदात 48,000 सॅम्पल येतात. म्हणजे 128 सॅम्पल हे 2.67 मिलिसेकंद झाले आणि 1024 म्हणजे 21.3. संगणकानं तेवढ्या वेळात आधीचा गठ्ठा उचलून नेला नाही, तर नवा गठ्ठा येऊन थडकतो आणि काहीतरी सांडतं. ही उशिराची टिक. बफर वाढवला की ती कमी होते, हे तुमचं अगदी बरोबर आहे. पण आवाज संगणकापर्यंत पोहोचलाच नाही, वाटेतच हरवला, तर बफर कितीही मोठा असो, त्यात ठेवायला काही नसतंच. ही गळतीची टिक. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये दोन्ही एकत्र आहेत असा माझा संशय आहे.

दत्ताकाका : संशयावर काम होत नाही. दाखव.

इथे मुग्धानं जे केलं ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण बहुतेक लोक कानानंच निदान करू पाहतात. तिनं रेकॉर्ड झालेली फाइल उघडली आणि टिकेच्या जागी पडदा इतका मोठा केला की एकेक सॅम्पल ठिपक्यासारखं वेगळं दिसू लागलं. टिक फाइलमध्ये मुळात आहे का, हे तिला आधी पाहायचं होतं. ती फक्त हेडफोनमध्ये ऐकू येत असेल आणि फाइल स्वच्छ असेल, तर बिघाड आवाज बाहेर पाठवण्यात असतो आणि रेकॉर्डिंग वाचलेलं असतं. इथे टिक फाइलमध्ये होती.

मुग्धा : ही 128 बफरच्या वेळची फाइल. तानपुऱ्याची लाट इथे अचानक तुटते आणि दुसऱ्याच उंचीवरून पुढे सुरू होते. लाटेचं माथं सपाट झालेलं नाही, म्हणजे माइकचा गेन जास्त झाल्यामुळे आवाज फाटला, असं नाही. मधला तुकडाच नाहीसा झालाय. आधीच्या आणि नंतरच्या लाटा जुळवून पाहिल्या तर तो अडीच-पावणेतीन मिलिसेकंदांचा भरतो. म्हणजे अख्खा एक बफर गेला.

दत्ताकाका : आणि 1024 वाली?

मुग्धा : इथे बघा. खड्डा इतका अरुंद आहे की सहाच सॅम्पल शून्यावर आहेत. बफर 1024 सॅम्पलचा असताना सहाच सॅम्पल जातात, हे उशिराचं लक्षण नव्हे. यूएसबी 2.0 मध्ये आवाज दर 125 मायक्रोसेकंदांनी एका छोट्या पाकिटातून जातो, सेकंदाला 8,000 पाकिटं. 48,000 भागिले 8,000 म्हणजे एका पाकिटात प्रत्येक चॅनेलची सहा सॅम्पल. तुमचं एक पाकीट वाटेत खराब झालं.

दत्ताकाका : मग ते परत का मागवलं नाही? पेन ड्राइव्हवर फाइल कॉपी करताना असं एखादं पाकीट गहाळ होत नाही.

मुग्धा : पेन ड्राइव्हच्या व्यवहारात पोच मिळाली नाही तर पाकीट पुन्हा पाठवतात. वेळ लागला तरी चालतो, पण मजकूर पूर्ण हवा. आवाजासाठी यूएसबीनं वेगळी पद्धत ठेवली आहे, तिला आयसोक्रोनस म्हणतात. त्यात प्रत्येक पाकिटाची वेळ राखून ठेवलेली असते, पण पोच नसते आणि पुन्हा पाठवणंही नसतं. खराब झालेलं पाकीट सरळ टाकून दिलं जातं. तुमचा बफर या वाटेच्या पलीकडे, संगणकाच्या आत आहे. तो हे दुरुस्त करू शकत नाही.

सगळेच ड्रायव्हर हरवलेल्या पाकिटाची जागा शून्यानं भरत नाहीत. काही आधीचं सॅम्पल लांबवतात, काही तुकडे नुसते जोडून टाकतात. त्यामुळे सहा सॅम्पलचा असा स्वच्छ खड्डा प्रत्येकाला दिसेलच असं नाही. पण गेलेला तुकडा बफरएवढा आहे की त्याहून फार लहान, एवढं सहसा कळतं, आणि निदानाची दिशा ठरायला तेवढं पुरतं.

दत्ताकाका : बरं, दोन आजार मानले. पण उशिराचा आजार 1024 नं बरा झालाय ना? मग त्याच्या मागे कशाला लागायचं? वादकाला मी इंटरफेसच्या डायरेक्ट मॉनिटरवरून आवाज देतो. तो संगणकात जातच नाही, माइकमधून सरळ हेडफोनमध्ये येतो. बफर 128 असो की 2048, वादकाला काही फरक पडत नाही. नव्या मुलांना लहान बफरचं भलतंच वेड आहे. आवाज एका मिलिसेकंदात साधारण 34 सेंटिमीटर जातो. मैफलीत तबलजी गायकापासून दोन मीटरवर बसला तर त्याला गाणं सहा मिलिसेकंद उशिरानं ऐकू येतं. म्हणून कधी लय सुटली का?

मुग्धा : तानपुऱ्यासाठी आणि थेट वाद्यांसाठी तुमचं म्हणणं मी पूर्ण मान्य करते. पण परवा याच खोलीत एक मुलगी कीबोर्डवर सॉफ्टवेअरमधलं संतूर वाजवणार आहे. तिचा आवाज संगणकातच तयार होतो, त्याला डायरेक्ट मॉनिटर कुठून देणार? 1024 बफर ठेवला तर सूर बाहेर पडायलाच 21 मिलिसेकंद, शिवाय ड्रायव्हरचा आणि इंटरफेसच्या आतल्या रूपांतराचा वेळ वेगळा. बोट पडल्यावर सूर मागाहून येतो आणि द्रुत लयीत हात अडखळतो. स्वतःच्या गळ्याचंही तसंच. तबलजीला गाणं हवेतूनच येतं. गायकाला स्वतःचा आवाज हाडांतून ताबडतोब ऐकू येतो आणि हेडफोनमधून उशिरा, दोन्ही एकमेकांवर पडतात. सॉफ्टवेअरचा रिव्हर्ब लावून गायचं असेल तर दहा मिलिसेकंदसुद्धा खटकू शकतात. तुमचं मशीन 128 वर का अडखळतं, हे शोधावं लागेल.

दत्ताकाका : मशीन जुनं नाही. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर पंधरा टक्क्यांच्या वर गेलेला मी पाहिला नाही.

मुग्धा : तो आकडा सरासरीचा आहे. सेकंदभरात पंधरा टक्केच काम झालं असेल, पण त्यातले सलग चार मिलिसेकंद दुसऱ्याच कुणी अडवून धरले तर 2.67 चा बफर गेलाच. आधी तुमचा ड्रायव्हर बघते. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये इथे `ASIO4ALL` निवडलेलं आहे. कंपनीचा ड्रायव्हर का नाही?

दत्ताकाका : घातलाच नाही. इंटरफेस जोडला आणि लगेच चालू झाला. गरज काय?

मुग्धा : लगेच चालू होतो, तिथेच फसगत होते. 2017 साली विंडोज 10 च्या एका आवृत्तीपासून यूएसबी ऑडिओ 2.0 चा ड्रायव्हर विंडोजमध्येच येतो. त्यामुळे गाणी ऐकता येतात, बोलता येतं. पण आसिओ ही स्टुडिओच्या कामाची वाट वेगळी आहे. स्टाइनबर्गनं ती आणली ती रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आणि इंटरफेस यांच्यात विंडोजच्या मिक्सरचा अडथळा राहू नये म्हणून. ASIO4ALL ही अशी वाट मुळात नसलेल्या उपकरणांसाठी केलेली सोय आहे. विंडोजच्या ड्रायव्हरवर ते एक थर चढवतं. लॅपटॉपच्या अंगच्या साउंड कार्डाला ते उपयोगी आहे. पण इंटरफेसच्या कंपनीनं स्वतःचा आसिओ ड्रायव्हर दिलेला असताना मध्ये हा थर कशाला? मॅकवर हा प्रश्न फारसा येत नाही, तिथे कोअर ऑडिओ बहुतेक इंटरफेस स्वतःच सांभाळतो.

दत्ताकाका : एका मित्रानं ASIO4ALL मध्ये यूएसबी माइक आणि इंटरफेस दोन्ही एकदम चालवले होते. कंपनीच्या ड्रायव्हरमध्ये ते जमत नाही.

मुग्धा : जमत नाही, आणि त्यामागे कारण आहे. दोन उपकरणांत दोन स्वतंत्र क्रिस्टलची घड्याळं असतात. दोन्ही 48,000 म्हणतात, पण दोघांत दहा लाखांत पन्नास भागांचा फरक असला तरी सेकंदाला 2.4 सॅम्पल मागेपुढे होतात. मधे ती तफावत कुणी भरून काढत नसेल तर 128 सॅम्पलचा फरक साठायला त्रेपन्न सेकंद लागतात. मग एक टिक, पुन्हा त्रेपन्न सेकंदांनी दुसरी. टिका अशा घड्याळाच्या ठोक्यानं येत असतील तर बफर आणि हब दोन्ही सोडून आधी घड्याळ बघायचं. इंटरफेसच्या पॅनलमध्ये क्लॉक चुकून बाहेरच्या डिजिटल इनपुटवर ठेवलेलं असतं तेव्हाही असाच त्रास होतो. तुमच्या टिका अनियमित आहेत, म्हणून इथे तो प्रश्न नाही.

कंपनीचा ड्रायव्हर घातला. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये या इंटरफेसचा दर 44.1 होता, तोही 48 किलोहर्ट्झ केला, म्हणजे दुसरा कुठला प्रोग्रॅम मध्येच उठून दर बदलायला नको. 128 वरची तडतड निम्म्यावर आली, पण थांबली नाही. दत्ताकाकांनी तेवढ्यावर समाधान मानलं असतं. मुग्धानं `LatencyMon` हा प्रोग्रॅम लावला आणि पंधरा मिनिटं चालू ठेवला. कोणता ड्रायव्हर प्रोसेसरला सलग किती वेळ अडवून धरतो, हे तो नावानिशी सांगतो.

मुग्धा : हे बघा, सगळ्यात लांब वेळ `ndis.sys` चा आहे, चार मिलिसेकंदांच्या पुढे. हा नेटवर्कचा भाग, म्हणजे तुमचं वायफाय. विंडोजमध्ये ड्रायव्हरची काही कामं अशी असतात की ती चालू असताना ऑडिओच्या कामाला मध्ये शिरता येत नाही. वायफाय मधूनमधून आजूबाजूची नेटवर्कं शोधतं. त्याचा ड्रायव्हर नीट लिहिलेला नसेल तर त्या वेळी तो प्रोसेसर धरून बसतो. चार मिलिसेकंदांचा खोळंबा 2.67 च्या बफरला मारतो. 256 चा बफर 5.33 मिलिसेकंदांचा, तो कसाबसा तगतो. 512 सुखरूप. तुमचं 1024 का चाललं, ते यात आलं.

दत्ताकाका : म्हणजे मी योग्यच औषध दिलं होतं.

मुग्धा : उशिराला योग्यच दिलंत. पण रेकॉर्डिंगच्या वेळी वायफाय बंद ठेवलं तर औषधाची गरजच उरत नाही. बघू.

वायफाय बंद करून, चार्जर लावून, पॉवर प्लॅन पूर्ण क्षमतेवर ठेवून 128 वर पुन्हा अर्धा तास तानपुरा चालवला. चार्जर आणि पॉवर प्लॅन यांना मी दुय्यम समजत नाही. बॅटरीवर लॅपटॉप प्रोसेसरचा वेग उतरवतो आणि मग लहान बफर पुन्हा अडखळू शकतो. अडीच मिलिसेकंदांचे मोठे खड्डे पूर्ण गेले. सहा सॅम्पलचे दोन खड्डे मात्र तसेच राहिले.

दत्ताकाका : हे हबचं काम दिसतंय. एकाच वायरीत डिस्क आणि आवाज दोन्ही कोंबले. वाट तुंबली.

मुग्धा : हब, हो. पण तुंबली म्हणून नव्हे. हिशोब करा. दोन चॅनेल, 48,000 सॅम्पल, प्रत्येकी 24 बिट, म्हणजे सेकंदाला 2.3 मेगाबिट. यूएसबी 2.0 ची वाट 480 मेगाबिटची आहे. शिवाय आवाजाची वेळ राखीव असते, डिस्कला उरलेल्या वेळात जावं लागतं. आणि तुमचा हब यूएसबी 3 चा, डिस्कही 3 ची. असा हब म्हणजे एका डबीत दोन हब असतात. वेगवान डिस्कचा डेटा वेगळ्या तारांतून जातो, तुमच्या 2.0 इंटरफेसचा वेगळ्या. दोघांचे डेटाचे रस्ते एकमेकांना शिवतही नाहीत.

दत्ताकाका : मग काय सामाईक आहे?

मुग्धा : वीज. या हबला स्वतःचा अडॅप्टर नाही. लॅपटॉपच्या एका पोर्टमधून जे येतं तेच सगळ्यांनी वाटून घ्यायचं. यूएसबी 3 च्या पोर्टचं प्रमाण 900 मिलिअँपिअर, 2.0 चं 500. त्यातूनच इंटरफेस चालतो आणि त्यातूनच तो दोन माइकांना 48 व्होल्टचं फँटम पॉवर तयार करून देतो. वर फिरत्या तबकडीची डिस्क. ती फिरायला लागताना बराच जास्त करंट ओढते, तेवढ्यात व्होल्टेज बसतं आणि एखादं पाकीट बिघडतं. माझा अंदाज खरा असेल तर टिक डिस्क जागी होण्याच्या वेळी यायला हवी.

ते तपासायला तिनं एका वेळी एकच गोष्ट बदलली. आधी डिस्क हबलाच ठेवली, पण रेकॉर्डिंग लॅपटॉपच्या आतल्या ड्राइव्हवर घेतलं आणि मध्येच डिस्कवरची एक जुनी फाइल उघडून तिला झोपेतून उठवलं. त्याच सेकंदाला टिक आली. फँटम बंद करून पुन्हा तेच केलं, तर टिक आली नाही. माइक अर्थातच मुके झाले होते, पण इंटरफेसच्या इनपुटची बारीक सळसळ अखंड होती, आणि तिच्यात खड्डा दिसला नाही. शेवटी फँटम चालू करून डिस्क हबवरून काढली आणि लॅपटॉपच्या दुसऱ्या पोर्टला लावली. खड्डा पुन्हा दिसला नाही. हब चांगला होता, डिस्क चांगली होती, इंटरफेसही चांगला होता. तिघांना एका पोर्टवर पोसायचं झालं की मात्र वीज अपुरी पडत होती.

दत्ताकाका : मग नियम साधा आहे. इंटरफेस लॅपटॉपला थेट लावायचा, हबला कधीच नाही.

मुग्धा : नियम चांगला आहे, पण लॅपटॉपला दोनच पोर्ट असतील तर स्वतःचा अडॅप्टर असलेला हब चालतो. आणि थेट लावलं म्हणजे एकटं पडलं असंही समजू नका. डिव्हाइस मॅनेजरमध्ये `View` मधून `Devices by connection` निवडा. इंटरफेस कोणत्या कंट्रोलरखाली आहे आणि त्याच्या शेजारी कोण आहे ते झाडासारखं दिसतं. अनेक लॅपटॉपमध्ये सगळे पोर्ट एकाच कंट्रोलरवर असतात आणि आतला कॅमेरा आणि ब्लूटूथही तिथेच लटकलेले असतात. तिथेच `USB Root Hub` च्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये, वीज वाचवायला उपकरण बंद करण्याची परवानगी काढून टाका.

दत्ताकाका : हे सगळं मान्य. पण प्रत्यक्ष रेकॉर्डिंगच्या दिवशी बफर किती ठेवायचा? तू म्हणशील 128, कारण आता चालतो.

मुग्धा : चालतो तर ठेवायला काय हरकत आहे?

दत्ताकाका : हरकत ही की तानपुऱ्याला त्याची गरज नाही. वादक डायरेक्ट मॉनिटरवर ऐकतोय. मग 2.67 मिलिसेकंदांच्या मुदतीवर अर्धा तास कशाला टांगून ठेवायचा? मध्येच विंडोजला काही सुचलं तर? मी 512 ठेवणार. तुझी ती संतूरवाली मुलगी येईल तेव्हा 128 कर.

यावर मुग्धाकडे उत्तर नव्हतं, आणि माझ्या मते उत्तर नाहीच. टिक उशिराची की गळतीची हे ठरवण्यात मुग्धा बरोबर होती. 1024 वर थांबले असते तर काकांच्या प्रत्येक फाइलमध्ये सहा-सहा सॅम्पलचे खड्डे राहिले असते, आणि कंटाळवाण्या सफाईत त्यांतला एखादा सुटला असता. पण बिघाड सापडल्यावरही गरजेपेक्षा लहान बफर ठेवू नये, हा काकांचा आग्रह मला रेकॉर्डिंगच्या दिवशी जास्त पटतो. गेलेला आलाप परत तसाच येत नाही. तानपुऱ्याचे ट्रॅक 512 वर रेकॉर्ड झाले, कंपनीच्या ड्रायव्हरवर, वायफाय बंद ठेवून, आतल्या ड्राइव्हवर.

वाचकांना एकच विनंती. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये टिक येत असेल तर नवा इंटरफेस विकत घेण्याआधी, किंवा कुणाला मदतीला बोलावण्याआधी, एक फाइल जपून ठेवा. तिच्यातल्या प्रत्येक टिकेची वेळ मिनिट-सेकंदात लिहा. त्यासोबत तेव्हाचा बफर, ड्रायव्हरचं नाव आणि त्या हबला किंवा पोर्टला आणखी काय काय जोडलेलं होतं तेही लिहा. कलाकार येण्याच्या आदल्या दिवशी त्याच खोलीत, त्याच जोडणीवर, अर्धा तास नुसता तानपुरा रेकॉर्ड करा आणि ती फाइल शेवटपर्यंत ऐका.